आधी ड्रॉइंग पाठवा

हे सगळं २०२४ सालचं, श्रावणातलं. माझी नात शिवांजली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि शिरोलीच्या एमआयडीसीत माझ्या धाकट्या दिराच्या फौंड्रीत क्वालिटीचं काम बघत होती.

दिराचं नाव महालिंग. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो सातवीत होता. पुढे त्यानं आणि माझ्या नवऱ्यानं पत्र्याच्या शेडमध्ये ओतकाम सुरू केलं. नवरा आणि महालिंग भट्टीपाशी, आणि बाहेर टाइपरायटरवर मी. कुठल्याही कंपनीनं नुसतं 'या पार्टचा दर कळवा' असं विचारलं की महालिंग आतूनच ओरडायचा, "वैनी, लिवा. आधी ड्रॉइंग पाठवा, नग किती ते कळवा, मग दर." वजन किती, धातू कुठला, हे ठाऊक नसताना आकडा सांगितला की माणूस बुडतो, हे त्याला विसाव्या वर्षी कळत होतं. अशी शेकडो पत्रं मी टाइप केली आहेत.

माझा नवरा गेला, फौंड्री महालिंगची झाली. माझा मुलगा संगमेश तिथेच डिस्पॅच सांभाळतो. शिवांजली इंजिनिअर झाली, आठ महिने जयसिंगपूरला नोकरी केली, मग महालिंगनं तिला बोलावून घेतलं. "घरची पोरगी बाहेर कशाला," म्हणाला. पगार महिना तीस हजार. तीन वर्षांत तो हलला नाही. घरच्यांना पगारवाढ मागायची नसते, असा आमच्याकडे नियमच होता म्हणा.

आणखी एक नियम महालिंगनं काढला होता. शिरोलीत एकमेकांची माणसं पळवतात, म्हणून त्याच्या कुठल्याही माणसानं लिंक्डइनवर कंपनीचं नाव टाकायचं नाही. शिवांजलीनं तो इमानानं पाळला. तिच्या पानावर अजून जयसिंगपूरचीच कंपनी दिसत होती.

तिथेच तिला पुण्याहून राजनंदिनी नावाच्या बाईचा मेसेज आला. ती कंपन्यांसाठी माणसं शोधून देते. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत क्वालिटी हेडची जागा आहे, सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पीरियड कळवा, एवढंच लिहिलं होतं. शिवांजलीनं जेवताना तो वाचून दाखवला.

"नको म्हणून टाक," संगमेश म्हणाला. "न्हाईतर उत्तरच देऊ नको. काकाच्या कानावर गेलं तर माझंबी तिथलं बसणं अवघड हुईल."

"नकोच लिहिणार आहे, बाबा. पण नीट लिहिते."

मी म्हटलं, "नको म्हणायला तरी काय नको ते कळायला हवं. आधी ड्रॉइंग माग."

"आई, तू आगीत तेल ओतू नको."

"मी विचारायला सांगतेय. जायला नाही."

शिवांजलीनं लिहिलं ते मला नुसतं तोंडी सांगितलं असतं तर लक्षात राहिलं नसतं, म्हणून मी तिला दोनदा वाचायला लावलं. 'मेसेजबद्दल आभार. मी सध्या नोकरीत आहे, पण ऐकून घ्यायला हरकत नाही. माझा पगार सांगण्याआधी या जागेसाठी ठरलेली पगाराची रेंज, कामाचं नेमकं स्वरूप, हाताखाली किती माणसं, वर कोण, आणि ही जागा नवी आहे की कुणाच्या जागी आहे, एवढं कळवाल का?' स्वतःचा आकडा तिनं लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कंपनीचं नाव आत्ता सांगता येणार नाही. रेंज वर्षाला नऊ ते अकरा लाख. एक टनाच्या दोन भट्ट्या, मार्चमध्ये घेतलेलं धातू तपासायचं नवं मशीन, सात इन्स्पेक्टर, त्यांतल्या दोन बायका, डिसेंबरमध्ये मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट. थेट मालकाला रिपोर्टिंग. जागा सध्याच्या व्यक्तीच्या ठिकाणी भरायची आहे आणि तिला कल्पना नाही, तेव्हा कृपया गुप्त ठेवा.

शिवांजलीनं फोन ताटाशेजारी ठेवला. "आज्जी, हे मशीन मी बसवून घेतलंय. ते सात जण माझे आहेत. ही माझीच जागा आहे."

रविवारी दुपारी मी महालिंगला बोलावून घेतलं. तो आला, चहा घेतला नाही. मी फोन त्याच्यासमोर धरला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"तू बाहेर नोकरी शोधतीस व्हय?" तो शिवांजलीला म्हणाला.

"मी न्हाई शोधली, आज्जा. तुमच्याच माणसानं मला विचारलं."

"आपल्या फौंड्रीतल्या कुणाला विचारू नका म्हणून सांगितलंतं मी त्यास्नी."

"माझ्या पानावर तुमचं नाव कुठं हाय? तुम्हीच टाकू दिलं न्हाई. आणि आपलं आडनाव जिल्ह्यात शंभर घरांचं."

"लई शानी झालीस. ऑडिटला वजनदार माणूस लागतो. गिऱ्हाईक तुझ्याकडं बघून काय म्हणंल?"

"मागच्या दोन ऑडिटला माझ्याकडंच बघितलं की त्यांनी."

मी विचारलं, "तिचं काय करणार होतास?"

"पॅकिंगला घेणार हुतो. घरची हाय, टाकतोय व्हय मी?"

"बाहेरच्याला नऊ लाख आणि घरचीला साडेतीन. हा कुठला दर, महालिंग?"

"वैनी, तुमी यात पडू नका. घरात बसून कंपनी चालत न्हाई."

"मी घरात बसले नव्हते. तुझी पत्रं टाइप करत होते."

तो उठला. संगमेश त्याच्या आणि दाराच्या मध्ये आला आणि लेकीला म्हणाला, "माफी माग काकाची."

"कशाबद्दल?"

"माग म्हणतोय न्हवं."

महालिंग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पोस्ट तूच घे. चाळीस हजार देतो, आणि त्या बाईला कळव की नाद सोड म्हणून. उलट शब्द नको."

शिवांजलीनं फोन उचलला आणि त्याच्यासमोर उभी राहून लिहिलं. मग वाचून दाखवलं. 'सविस्तर उत्तराबद्दल आभार. ही माझी सध्याचीच कंपनी आहे असं दिसतं, त्यामुळे या जागेसाठी मी पुढे येणार नाही. तुमच्याकडून गुप्तता मोडली असं मी मानत नाही. माझं पानच जुनं होतं. याच रेंजमध्ये दुसरीकडे अशी जागा निघाली तर जरूर कळवा.'

"आणि माजं चाळीस?" महालिंगनं विचारलं.

"मला आता रेंज कळली, आज्जा."

तो गेला. चप्पल घालताना तोल जाऊन त्यानं भिंतीला हात लावला, मी सवयीनं पुढे झाले, तर म्हणाला, "लांब ऱ्हावा."

सोमवारी शिवांजलीनं राजीनामा दिला. महिन्याची नोटीस पूर्ण भरली. अनुभवाचं पत्र महालिंगनं चार महिने अडवलं.

राजनंदिनीनं पुढच्या जानेवारीत तिला कागलकडच्या एका फौंड्रीची जागा कळवली. यावेळी रेंज पहिल्याच मेसेजमध्ये होती. आज शिवांजली तिथेच आहे, नऊ लाख चाळीस हजारांवर. वजनदार माणूस महालिंगला मिळाला आणि ऑडिट झाल्यावर सहाव्या आठवड्यात सोडून गेला. संगमेश अजून डिस्पॅचलाच आहे. लेकीशी तो फक्त गाडीच्या पेट्रोलविषयी आणि माझ्या गोळ्यांविषयी बोलतो.

महालिंग दर जानेवारीला फौंड्रीचं कॅलेंडर स्वतः घेऊन यायचा, पाटावर बसायचा आणि जुन्या शेडच्या गोष्टी काढायचा. आता कॅलेंडर ड्रायव्हर आणून देतो. मी ते लावते. त्यावर फौंड्रीचं नाव मी पहिल्यांदा टाइप केलं होतं तशाच टाइपरायटरच्या अक्षरांत अजून छापतात.