तुला फक्त फॉरवर्ड करायचंय

लाडोबाची मेल आली तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. त्याचं नाव पाहिलं आणि माझी भूकच मेली. लाडोबा हे त्याचं आमच्या जुन्या कंपनीतलं नाव. साहेबांचा लाडका, म्हणून लाडोबा. मीच ठेवलं होतं ते, आणि तेव्हा कौतुकानं ठेवलं होतं.

मेल दोन होत्या. पहिली गोडगोड. "अगं, कशी आहेस? किती वर्षं झाली! तुमच्याकडे गोदाम व्यवस्थापकाची जागा निघालीये ना? दुसरी मेल वेगळी पाठवतोय, म्हणजे तुला काही लिहीत बसायला नको. तुला फक्त फॉरवर्ड करायचंय."

दुसरी मेल उघडली आणि मान्य करावं लागलं, गड्याला हे बरोबर जमतं. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि जाहिरातीतला क्रमांक. आत 'अगं' नाही, घरच्यांची चौकशी नाही. चार-पाच ओळींत तो कोण, सध्या कुठे आहे आणि हीच जागा का हवी. खाली जाहिरातीची लिंक, फोन नंबर आणि जोडीला एका पानाचा रेझ्युमे, फाइलला स्वतःचं नाव दिलेला. वरिष्ठांकडे जशीच्या तशी ढकलता येईल अशी मेल. नाहीतर लोक 'नवीन फायनल खरंच फायनल' अशा नावाच्या फायली पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, झालं का गं आमचं काम?

रेझ्युमे उघडला. पहिलीच ओळ होती : 'परत आलेल्या मालाची संपूर्ण नवी व्यवस्था एकट्याने आखली आणि उभी केली.'

ती व्यवस्था माझी होती. जुन्या कंपनीतून घरगुती वस्तू लोकांच्या दारात जायच्या आणि त्यातल्या बऱ्याच परत यायच्या. परत आलेलं सगळं एका शेडमध्ये कोंबलेलं असायचं. चांगल्या इस्त्रीवर फुटलेली बरणी. मी दिवसचे दिवस ट्रकच्या दाराशी उभं राहून ठरवलं की वाटणी तिथेच करायची. न उघडलेलं खोकं थेट मांडणीवर, उघडलेलं तपासणीच्या टेबलावर, मोडकं भंगारात. संचालकांपुढे हे मांडायचं होतं नेमक्या त्याच दिवशी बाबांचं ऑपरेशन ठरलं. मी माझे नकाशे लाडोबाच्या हातात दिले आणि म्हटलं, "माझ्या वतीनं मांड हं." त्याने मांडलं, फक्त 'माझ्या वतीनं' तेवढं गाळलं. मी परत आले तर तो केबिनमध्ये बसलेला आणि साहेब मला म्हणतात, "शिका जरा त्याच्याकडून काहीतरी!"

थोड्याच दिवसांत मी ती नोकरी सोडली. तेव्हापासून मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. चार लोकांत उभं राहून त्याने म्हणावं, की हे काम तिचं. पैसा नको, माफी नको, तेवढं एक वाक्य हवं होतं. ते तर आलं नाहीच, वर हा रेझ्युमे आला.

घरी नवऱ्याला दाखवलं. तो दातांचा डॉक्टर आहे आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांकडे दाढेसारखं बघतो.

"नाही म्हणून कळव आणि मोकळी हो," तो म्हणाला. "उपटायचा तर एकदाचा उपटावा. तू नुसती जीभ लावत बसलीयेस."

"नाही म्हटलं तर तो दुसऱ्या कुणालातरी गाठेल."

"गाठू दे की. तुझं काय जातं?"

"माझं जे गेलं ते गेलंच आहे. आता त्याचं जाऊ दे."

तो भांडी विसळायला उठला. एरवी तो स्वतःहून उठत नाही.

खरं तर आमच्या ऑफिसात एखाद्याला बुडवणं अगदी सोपं आहे. त्याची मेल वर एकही शब्द न लिहिता पुढे पाठवायची. शिफारस करणाऱ्याला स्वतःचं एक वाक्यही खर्चावंसं वाटलं नाही, यातच गोदाम विभागाच्या मॅडमना सगळं समजतं. त्या रेझ्युमेआधी वरच्या दोन ओळी वाचतात. आणि माझ्या ओळींना वजन होतं. मी सहसा कुणाचं नाव पुढे करत नाही. ज्यांचं केलं ते सगळे टिकले.

पण कोरी मेल पाठवली असती तर तो घरबसल्या नाकारला गेला असता. मला ते पुरेसं नव्हतं. मला तो समोर, फळ्यापाशी, घाम पुसताना हवा होता. म्हणून मी फॉरवर्ड दाबलं आणि वर लिहिलं :

'मॅडम, यांच्याबरोबर मी काम केलं आहे. परत आलेल्या मालाची व्यवस्था यांनी एकट्याने उभी केली, हे मी जवळून पाहिलं आहे. मुलाखतीत त्याबद्दल अगदी खोलात विचारा.'

तेच वाक्य शिफारशीच्या फॉर्ममध्ये डकवलं. 'उमेदवाराला कसे ओळखता?' पुढे लिहिलं, सहकारी. फॉर्म पाठवला आणि मग एवढी शांत झोप लागली की माझी मलाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मॅडमनी त्याला बोलावलं. शिफारस करणाऱ्याने मुलाखतीला बसायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्ताने त्या काचेच्या खोलीवरून जात राहिले. इतकं पाणी मी उन्हाळ्यातसुद्धा पीत नाही. पहिल्या फेरीत तो फळ्यापाशी उभा होता, हातात पेन. दुसऱ्या फेरीत फळ्यावर एक चौकोन होता आणि त्यापुढे काहीच नाही. मॅडम काहीतरी वाचून दाखवत होत्या. तिसऱ्या फेरीत तो पेन ठेवून खुर्चीत बसला होता, मान खाली. मला इतका आनंद झाला की मी भरलेला ग्लास तसाच ठेवून आले.

संध्याकाळी मॅडमनी आत बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"ती व्यवस्था कुणी उभी केली गं?"

मी खुर्ची ओढून बसले.

"मी त्याला तुझी शिफारस वाचून दाखवली. म्हटलं, इतकं कुणी कुणाबद्दल लिहीत नाही, आता नीट समजावून सांगा. तो थांबला. म्हणाला, मॅडम, हे काम माझं नाही, तिचं आहे. मी तिच्या नावावर डल्ला मारला आणि अजून तेच खातोय. आम्ही चौघं होतो तिथे. सगळ्यांसमोर म्हणाला."



"खरं आहे ते," मी म्हटलं. "माझंच काम होतं."

"मग तू हे का लिहिलंस?" त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. माझीच ओळ होती. "त्याने रेझ्युमेत खोटं लिहिलं, ते मी त्याला सुनावलं. पण विचारल्यावर त्याने कबूल केलं. तुला तर कुणी विचारलंही नव्हतं. माहीत असून सही ठोकून पाठवलंस. आम्हा चौघांना तू स्वतःच्या भांडणासाठी वापरलंस."

"त्याला उघडं पाडायचं होतं."

"मग मला येऊन सांगायचंस ना! मी ऐकलं नसतं का?"

मला ते सुचलंच नव्हतं.

"त्याला पुढच्या फेरीला बोलावतेय," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे कुणाची शिफारस असेल तर एचआरला दे. मला पाठवू नकोस."

जागेवर आले तर त्याचा मेसेज होता. 'थँक्यू. तू लिहिलेलं वाचलं त्यांनी. ऐकताक्षणी कळलं तू काय करतेयस. मग खरं सांगून टाकलं.'

ते पश्चात्तापाने सांगितलं की सुटायला, हे त्या मेसेजवरून कळेना. मला मात्र त्याला तेव्हाही फाडून खावंसं वाटत होतं. इतकी वर्षं मला हवं होतं ते वाक्य तो अखेर बोलला होता, चार लोकांत, माझं नाव घेऊन. आणि त्या चौघांपैकी एकालाही आता माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं कारण उरलं नव्हतं.