खालच्या पट्टीतलं नाव

व्हिडिओ एका मिनिटाचा करायचा होता आणि त्यावर आख्खा रविवार चालला होता. सकाळपासून दोघी बहिणी खिडकीजवळच्या टेबलाभोवती घुटमळत होत्या. थोरली औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब बघायची, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट तिला दोन बाजूंची दिसे: आलं काय, गेलं काय. धाकटी ग्राफिक डिझायनर. तिच्या आयुष्याच्या गेलेल्या बाजूला सध्या एकच रक्कम होती, पण ती अशी की तिने पान भरून टाकलं होतं.

त्या रकमेला घरात सगळे अक्षरवाला म्हणत. अक्षरं काढायचा म्हणून. सहा वर्षं दोघांनी ह्याच टेबलावर कामं केली, ह्याच घरात संसार केला. तो नावं चितारायचा, ही त्या नावांभोवतीचा डबा, लेबल, पिशवी उभी करायची. तो हिला मोजपट्टी म्हणे, कारण पोळपाटसुद्धा ओट्यावर मधोमध नसला तर हिला चैन पडत नसे. उन्हाळ्यात तो गेला. भांडून नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं थोरलीचं मत. "भांडणात निदान समजतं कोणाचं किती निघतं ते."

तो गेल्यापासून जुनी गिऱ्हाइकं अक्षरांच्या मागे गेली. म्हणून हा व्हिडिओ. फोनवर उभा धरून बघतात तसला. त्यात तीनच गोष्टी हव्यात, हे थोरलीने चार जणींचे व्हिडिओ पाहून ठरवलं होतं. "एक काम दाखव. पैसे किती ते सांग, पासून-पर्यंत. आणि तुला गाठायचं कसं ते सांग. बाकी तुझं बालपण कोणी विचारत नाही."

"कुठलं काम?"

"ते तू ठरव. पण एकच. दहा दाखवलीस तर एकही लक्षात राहत नाही."

धाकटीने ठरवलेलंच होतं. टेबलावर साबणाचे तीन डबे मांडलेले होते: लिंबू, पुदिना, गुलाब. शेजारी शेजारी ठेवले की पहिल्यावरची वेल तिसऱ्यावर जाऊन संपायची. साबणाचं नाव फेस ओढून काढावा तसं लिहिलेलं. झाकण उघडलं की आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एक ओळ: आधी हात पूस. ती मूळची अक्षरवाल्याची ओरड. ही ओल्या हाताने कागदाला हात लावायची आणि तो टेबलापलीकडून ओरडायचा. साबणवाल्या बाईंना ती ओळ इतकी आवडली की छापूनच टाकली. आता हजारो घरांत न्हाणीघराच्या दारात लोक ती वाचत होते. ज्या घरात ती पहिल्यांदा ऐकू आली ते घर तेवढं मोडलं.

"डबे सुंदर आहेत," थोरली म्हणाली. "पण अर्धं काम त्याचं आहे."

"म्हणून तर विचारावं लागेल त्याला. तशी रीतच आहे. दोघांचं काम असलं की विचारायचं आणि नाव द्यायचं."

थोरलीने चष्म्यावरून बघितलं. धाकटीने डबे उगीच एकमेकांना आणखी चिकटवले. त्या बघण्यात सगळं आलं होतं. व्हिडिओ कामासाठी होता हे खरं, पण डबे त्याला फोन करता यावा म्हणून होते. चार महिन्यांत फोन करायला एक सबळ कारण मिळालं नव्हतं, ते आता मिळालं होतं, आणि तेही रीतीचं. शिवाय कोणी डबा बघून आलंच, तर अक्षरं लागणार. अक्षरं लागली की तो लागणार. टेबल अजून होतंच.

धाकटीने फोन लावला तशी थोरली चहाच्या निमित्ताने आत गेली आणि कान बाहेर ठेवून उभी राहिली.

"वापर ना," अक्षरवाला म्हणाला. आवाज नेहमीचाच, ऊबदार, त्यात वाईट वाटून घ्यायला जागा नाही. "अक्षरं माझी एवढं लिही म्हणजे झालं."

"लिहिणारच. आणि कोणाला तसंच हवं असलं, अक्षरांसकट, तर? करशील?"

"करेन की. माझ्या व्हिडिओखाली लिंक आहे बघ. फॉर्म भरायचा. काम कशाचं, कधी हवं, बजेट किती. दोन दिवसांत उत्तर येतं."

"मीही फॉर्म भरायचा?"

"अगं, सगळ्यांना तेच ठेवलंय. नाहीतर घोळ होतो."

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "घोळ नको."

थोरली चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ती व्हिडिओ जुळवायला बसली होती, पाठ ताठ, बोटं भराभर. पहिल्या तीन सेकंदांत तिन्ही डबे जवळ येतात आणि वेल जुळते, म्हणजे बोटाने पुढे ढकलणारा थांबतो. मग झाकण उघडतं. मग ती ओळ. मग किंमत: पंचवीस ते साठ हजार, एका डब्यापासून पूर्ण मालिकेपर्यंत, तीन कल्पना, दोनदा बदल. शेवटी: काम कशाचं आणि कधी हवं एवढं लिहून मेसेज करा. सगळं बोलणं पडद्यावर लिहूनही टाकलेलं, कारण निम्मे लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. उत्तम काम. थोरलीलासुद्धा पैसे काढून द्यावेसे वाटले.

"टाकून बघ ना, अजून कोणाला दिसणार नाही असं," ती म्हणाली. धाकटीने तसं टाकलं. थोरलीने स्वतःच्या फोनवर दोनदा बघितलं. मग तिसऱ्यांदा, फोन नाकाशी नेऊन.

"त्याचं नाव कुठंय?"

"आहे. खाली."

"खाली तर तुझंच खातं आणि मजकूर दिसतोय. त्याच्या मागे गेलंय काहीतरी."

"असेल."

"असेल काय? मोजपट्टी म्हणतात तुला. ती खालची पट्टी झाकली जाते, तिथं काही ठेवायचं नसतं, हे सकाळी तूच मला शिकवलंस. तुझा फोन नंबर बरा वर घेतलास."

धाकटीने फोन तिच्या हातातून काढून घेतला. नाव दिलं होतं. शोधून काढलं असतं कोणी तर सापडलं असतं. हिशेबात ती चोख होती आणि चोर होती, दोन्ही एकदम, आणि हे फक्त ह्या धंद्यातल्या माणसालाच जमतं.

"रागावलीस तर रागाव," थोरली म्हणाली. "पण सरळ. त्याच्याकडे बघ जा, त्याने काय केलंय ते. तुझं नाव गाळलं असलं तर तूही गाळ. मी काही म्हणणार नाही."

हे धाकटीला पटलं. खरं तर ती त्याचीच वाट बघत होती. त्याने गाळलेलंच असणार. तिने त्याचा व्हिडिओ उघडला. चार महिने ती तिकडे फिरकली नव्हती, जिभेने दुखरा दात टाळावा तशी.

त्यानेही डबेच घेतले होते. तेच तीन, पण त्याने फेसाच्या अक्षरांवर कॅमेरा सावकाश फिरवला होता. मग झाकण उघडलं, ओळ दिसली, आणि मग चित्र थांबलं. पडद्याच्या मधोमध, जिथे काहीच झाकलं जात नाही अशा जागी, मोठ्या शांत अक्षरांत आलं: डबा आणि मांडणी. त्याखाली तिचं नाव. पूर्ण, आडनावासकट, तिच्या खात्याच्या दुव्यासह. कोणीही सावकाश वाचू शकेल इतका वेळ ते थांबलं होतं. मग त्याची किंमत, मग त्याचा फॉर्म.

धाकटीने तो पुन्हा लावला. मोजपट्टी हे नाव तिथे नव्हतं. पुसून टाकलेलं काहीच नव्हतं, लपवलेलं काही नव्हतं. जेवढं तिचं होतं तेवढं तिला नीट मोजून दिलेलं होतं, आणि दोघांचा हिशेब बंद केलेला होता.

"दिलंय की गं," थोरली मागून वाकून म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं की हे म्हणायला नको होतं. तिने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. पाठ आता ताठ नव्हती.

"गाळलं असतं तर," धाकटी म्हणाली, "मी फोन केला असता. भांडले असते. तो म्हणाला असता, चुकलं, थांब, बदलतो. काहीतरी उरलं असतं ना ताई."

थोरलीने थंड झालेला चहा उचलून आत नेला आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

ती आली तेव्हा टेबलावरचे डबे खोक्यात गेले होते आणि त्यांच्या जागी एक कार्ड होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांसाठी व्यायामाचं. वरून दोरी ओवलेलं, भिंतीला टांगायला. ठसठशीत माणसं, दुखरा पाय गडद, अक्षरं साधी, छापखान्यात मिळतात तीच.

"हे?" थोरली म्हणाली. "हे कोण बघणार?"

"ज्याचा गुडघा दुखतो तो. फिजिओथेरपिस्ट बाई सांगत होत्या, कार्ड दिल्यापासून कोणता पाय वर करायचा हे विचारायला फोन येत नाहीत."

"मग तेच म्हण की व्हिडिओत. आणि किंमत?"

"आठ ते वीस."

"निम्म्याहून खाली आलीस."

"निम्मंच आहे ना माझ्याकडे."

पुन्हा सगळं झालं. कार्ड भिंतीला टांगलं, थोरलीने स्वतःचा जाडजूड पाय त्या चित्राप्रमाणे उचलून दाखवला, फक्त पाय दिसेल ह्या अटीवर. वाक्यं वर, नंबर वर, खालची पट्टी रिकामी. ऊन उतरायच्या आत व्हिडिओ गेला.

पहिली चौकशी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. एक मध विकणाऱ्या बाई होत्या. कार्ड आवडलं, त्यांनी लिहिलं होतं, सासूबाईंना दाखवलं. पण तुमचे साबणाचे डबेही मी दुकानात पाहिलेत, डब्याच्या खाली तुमची दोघांची नावं होती. मला मधासाठी अगदी तसंच हवंय. अक्षरांसकट. दोघं मिळून करता ना तुम्ही?

थोरली कामावर गेली होती. घरात कोणी बघायला नव्हतं. फोन करायला ह्याहून सबळ कारण देवानेही पाठवलं नसतं, आणि आता ते चोरीचंही नव्हतं.

धाकटी भांडी घासता घासता उठून आली होती. तिने उभ्यानेच उत्तर लिहायला घेतलं, पण ओल्या बोटाखाली पडदा नीट चालेना, भलतीच अक्षरं यायला लागली. तिने फोन खाली ठेवला. हात पुसले, एकेक बोट, सावकाश. मग लिहिलं:

डबा मी करून देईन. अक्षरं वेगळी घ्यावी लागतील, ती करणाऱ्याची लिंक देतेय. फॉर्म भरा. दोन दिवसांत उत्तर येतं.

लिंक जोडली, एकदा उघडून नीट चालते का ते बघितलं, आणि पाठवून दिलं.