किटल्या कुठे गेल्या?

रात्रपाळी सुरू होऊन तास होत नाही तोच खालच्या कप्प्यांतल्या किटल्या संपू लागल्या. स्क्रीन म्हणत होती, आहेत. कप्पा म्हणत होता, नाहीत. आणि बारा वाजता सणाचा सेल उघडणार होता, ज्याच्या पहिल्याच पानावर ही इलेक्ट्रिक किटली झळकणार होती.

गोदामातली मुलं सुपरवायझरला ताई म्हणायची. ताई कप्प्यापाशी आली तेव्हा माल उचलणारा लंबू हातातला स्कॅनर तिच्याकडे धरून उभा होता. "ताई, हा म्हणतो अजून चार उचल. कुठून उचलू? माझ्या खिशातून?"

"गप. पुढचा कप्पा बघ."

पुढच्या कप्प्यातही चार कमी. त्याच्या पुढच्यात आठ. हे ताईने आधी एकदा पाहिलं होतं. गेल्या वर्षी असेच खालच्या कप्प्यांतले कॉफीचे मग कमी भरले होते, वरच्या रॅकवरची खोकी मात्र बरोबर जुळली होती. खालच्या कप्प्यांत हात घालणारा तिचा धाकटा भाऊ होता. दिवसपाळीच्या इन्चार्जने हिशोब सोपा केला: वर माल आहे, खाली नाही, म्हणजे उचलणाऱ्याने नेला. भावाची सगळ्यांसमोर झडती घेऊन त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून तो कुठल्याच गोदामात टिकला नाही. चोर म्हणून गेलेल्या माणसाला कोण ठेवून घेतो?

इन्चार्जला मुलं अत्तरसाहेब म्हणत, कारण तो यायच्या आधी त्याचा वास यायचा. ताई त्याच्याशी वर्षभर हसून बोलली होती. नोकरी सोडली असती तर त्याच्या जवळ राहता आलं नसतं, आणि तिला जवळच राहायचं होतं.

तिने फोन लावला. त्याचं उत्तर तयारच होतं. "रात्रपाळीत कमी पडलं ना? मग रात्रपाळीत शोधा. सकाळी गेटवर सगळ्यांची झडती घ्यायला सांगतो. आज सकाळीच वरची खोकी मी स्वतः मोजलीत, एकही कमी नाही."

फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. तिच्या पंधरा पोरांवर आता तोच शिक्का बसणार होता. ती वरच्या रॅककडे बघत राहिली. खोकी बरोबर आहेत. बरं. मग खोक्यात काय आहे?

"फोर्कलिफ्ट आण," ती लंबूला म्हणाली. "एक पॅलेट खाली घे."

खोकी रचलेलं लाकडी पॅलेट खाली आलं. टेप कापून तिने खोकं उघडलं आणि मोठ्याने मोजलं. आठ. दुसरं उघडलं. आठ. खोक्याच्या बाजूला लहान अक्षरांत छापलंही होतं: आठ नग. आणि सिस्टिममध्ये या किटलीचा पॅकचा आकडा, म्हणजे एका खोक्यातले नग, बारा! किटलीचं झाकण मोठं झालं होतं, त्यामुळे कंपनीने त्याच मापाच्या खोक्यात कमी नग भरायला सुरुवात केली होती. माल उतरवताना खोक्याचा बारकोड एकदा स्कॅन झाला की सिस्टिम आपणहून बारा चढवते. म्हणून नव्या मालाचं पहिलं खोकं उघडून नग मोजायचे, असा नियम होता. दिवसपाळीने गाड्यांची रांग लागली म्हणून तो खुंटीवर टांगला होता. वर खोकीच मोजली तर आकडा जुळतो. खोकं फोडून माल खालच्या कप्प्यात आला की सिस्टिम बारा धरते, हाताला आठ लागतात. चोरी झालीच नव्हती. जे कधी आलंच नाही ते कोण चोरणार?

ताईने आधी आपलं काम केलं. तिच्या लॉगिनला एक अधिकार होता, माल रोखून धरण्याचा. तिने साऱ्या किटल्यांवर रोख लावली. रोखलेला माल साइटवर विकायला दिसत नाही, म्हणजे नसलेल्या किटलीचे पैसे कुणी भरणार नव्हतं. मग पुन्हा फोन लावला. दोन्ही हात खोक्यात होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. मुलं भोवती उभी होती.

"खोक्यात आठ आहेत, साहेब."

अत्तरसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "अरे देवा, पुन्हा? ऐका, बोभाटा नको. मी सकाळी पॅकचा आकडा बदलतो, तुम्ही फरक तुमच्या पाळीच्या नुकसानीत टाका. त्या मगांच्या वेळीही तसंच निस्तरलं होतं."

लंबूच्या हातातली टेप थांबली. ताईला वाटलं ओरडावं, शिव्या घालाव्यात. वर्षभर साठवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. पण ती गोड आवाजात म्हणाली, "सकाळपर्यंत सेल थांबायचा नाही, साहेब. पॅकचा आकडा तुमच्या लॉगिननेच बदलतो, तोही इथल्याच मशीनवर. तुम्ही याच."

अत्तरसाहेब आले, शर्ट अर्धवट खोचलेला, आज अत्तराचा पत्ता नाही. सेल उघडायला थोडाच वेळ उरला होता आणि हेड ऑफिसमधल्या स्टॉकच्या बाई व्हिडिओ कॉलवर ताटकळल्या होत्या. साठा कमी करायचा तर कारण त्यांना सांगावं लागे.

"प्रत्येक पॅलेटमधलं एक खोकं उघडून मोजायचं," ताई म्हणाली. "माल तुमच्या सहीने आत आलाय. तुम्हीच मोजा."

"मी? ही मुलं आहेत ना!"

"मुलांवर तर तुमचा संशय आहे."

अत्तरसाहेब गुडघ्यांवर बसले. टेप फाडायचे, किटल्या बाहेर काढायचे, मोजायचे, परत भरायचे. प्रत्येक वेळी ताई विचारायची, "किती?" आणि त्यांना मोठ्याने सांगावं लागायचं, "आठ." त्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता. ताईला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. उलट शेवटचं पॅलेट लवकर संपलं याचं तिला वाईट वाटलं.

आकडा बदलला. स्टॉकच्या बाईंनी विचारलं, "कारण काय लिहू?"

"माल घेताना चूक," अत्तरसाहेब पुटपुटले.

"आणि मगांचंही सांगा," ताई म्हणाली. "तेही आत्ताच."

त्यांनी हात जोडले. "ताई, रोख काढा आधी. सेल उघडेल. माझी लेकरं आहेत हो."

"माझ्या आईलाही लेकरू आहे." तिचं बोट रोखीच्या बटणावर होतं, आणि ते तिथेच राहिलं. "बोला, साहेब. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

ते बोलले. मगांचा पॅकही तसाच चुकला होता, ते त्यांना दोन दिवसांत कळलं होतं, आकडा गुपचूप दुरुस्त केला, मुलाला मात्र परत बोलावलं नाही. स्टॉकच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही येऊ नका. बाकीचं आम्ही कळवू."

ताईने रोख काढली. खऱ्या किटल्या साइटवर दिसू लागल्या. मुलांनी शिट्ट्या मारल्या, लंबूने तर फोर्कलिफ्टवर चढून नाच केला. ताईच्या अंगात गरम, मस्त असं काहीतरी पसरत होतं. याचसाठी तर ती वर्षभर जगली होती.

चहाच्या सुट्टीत तिने फोन करून भावाला उठवलं आणि सगळं सांगितलं, एकही खोकं न गाळता. अत्तरसाहेब गुडघ्यांवर कसे बसले ते दोनदा सांगितलं. तो हसेल, रडेल, काहीतरी म्हणेल म्हणून ती थांबली.

"अरे, ऐकतोयस ना? तू चोर नाहीस हे सिद्ध झालं!"

"मला ते तेव्हाही माहीत होतं, ताई," भाऊ म्हणाला. "कळायचं राहिलं होतं ते तुम्हाला."

आणि त्याने फोन ठेवला.