फोटोत भलतीच बाई

प्रवेशपत्र मोबाइलवर उतरवून सिस्टरने आधी नाव वाचलं, मग केंद्र, मग वेळ. सगळं बरोबर होतं. फोटो मात्र कुणा भलत्याच बाईचा! कानात मोठे डूल, आखूड केस, आणि खाली सही सिस्टरची.

सात वर्षं ती कंत्राटी नर्स म्हणून वॉर्डात राबत होती. कायम नोकरीसाठी ही शेवटची परीक्षा, कारण पुढच्या वर्षी वयाची मर्यादा उलटणार होती. परीक्षा पाच दिवसांवर आली होती.

"असू दे गं, नाक-डोळे तर दोघींनाही आहेत," नवरा म्हणाला.

"चेहरा जुळला नाही तर दारातूनच हाकलतात. तोतया म्हणून धरलं तर याल सोडवायला?"

तिने फोन फिरवायला घेतला. चाळीस मिनिटांनी हेल्पलाइन लागली. अर्ज क्रमांक, चुकीचं प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि खरा फोटो आज पाचच्या आत मेल करा, तपासून नवं प्रवेशपत्र देऊ, असं उत्तर मिळालं. तिने लगेच मेल केला, तक्रार क्रमांक लिहून घेतला आणि तरातरा तिचा फॉर्म भरून देणाऱ्या कंप्युटरवाल्याच्या दुकानात गेली.

"ताई, सर्व्हरचा घोळ असेल," कंप्युटरवाला स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"सर्व्हरला ही बाई सापडली कुठे? त्या दिवशी माझ्या आधी कोण होतं?"

त्याने वही काढली आणि त्याचा चेहरा उतरला. प्रत्येकाचा फोटो स्कॅन करून, लहान करून तो एकाच नावाने जतन करायचा. त्या दिवशी गर्दीत नवा जतन व्हायच्या आधीच जुना चढवून मोकळा होत होता. अर्जाचं शेवटचं पान गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं, तेही त्याने कुणाला दाखवलं नव्हतं. आणि वर दोष सर्व्हरला. चोर तो चोर, वर शिरजोर!

सिस्टरचं डोकं तापलेलंच होतं, पण ती एकदम थांबली. "माझ्या अर्जावर माझ्या आधीचीचा फोटो. मग माझा कुणाच्या अर्जावर गेला?"

वहीत तिच्यानंतर आणखी नऊ नावं होती.

"लावा फोन."

"ताई, धंद्याची वेळ आहे..."

"धंदा गेला चुलीत! पाचपर्यंत मुदत आहे. नऊ जणांचं वर्ष तुम्ही भरून देणार का?"

तो हलत नाही म्हटल्यावर तिनेच वही ओढली आणि तिच्यानंतरचा पहिला नंबर लावला. पलीकडे एक दबलेला आवाज आला.

"मी नर्स आहे, तुमच्या आधी याच दुकानात माझा फॉर्म भरला होता. तुमचं प्रवेशपत्र बघितलंत का? फोटो कुणाचा आहे?"

"तुमचा असेल. नर्सच्या ड्रेसमधला." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मी कालच दुकानात विचारायला गेले होते. दादा म्हणाले, आता काही होत नाही, पुढच्या वर्षी बघा."

सिस्टरने मान वर केली. कंप्युटरवाला वहीकडे बघत होता.

"होतं," ती त्याच्यावरची नजर न हलवता म्हणाली. "डोळे पुसा आणि अर्ज क्रमांक सांगा. मेल हेच दादा पाठवतील, माझ्यासमोर."