मद्रासचे दहा

१९०१ सालच्या त्या मंगळवारी इलाही कोल्हापूरच्या स्टेशनात शिरला, तेव्हा फलाट रिकामा होता. त्याच्या काखेत कमावलेल्या कातड्यांचे नमुने होते. कंपनीचे पाँडिचेरीचे एजंट मस्यू लेफोर ते बघूनच कोल्हापूरची पेढी ठेवायची की बंद करायची, हे ठरवणार होते.

अख्ख्या पेढीत फ्रेंच येणारा इलाही एकटाच, आणि त्याचा त्याला माज होता. त्यानं फ्रेंचमध्ये स्टेशनात भेटायच्या दोन वेळा सुचवल्या होत्या: मंगळवारी सकाळी दहा, नाहीतर बुधवारी दुपारी चार. लेफोरनं उलट लिहिलं, "मंगळवारी दहा, मद्रास वेळेनं. तुमच्या घड्याळात तेव्हा किती वाजतील ते लिहून नक्की करा."

रेल्वे मद्रासच्या वेळेनं चालते, गाव आपल्या, आणि मद्रास चोवीस मिनिटं पुढं, हे शेंबडं पोरही सांगेल. असलं काही लिहायची इलाहीला लाज वाटली. त्यानं ऐटीत एकच फ्रेंच शब्द पाठवला, "आंतांद्यू." म्हणजे कळलं.

मग चोवीस मिनिटं वजा करायची सोडून त्यानं मिळवली. गावच्या घड्याळात दहा चोवीसला तो इथं पोचला. स्टेशनचं घड्याळ दहा अठ्ठेचाळीस दाखवत होतं.

"सायेब लई वाट बघत बसलेलं की, पावणं," स्टेशनमास्तर म्हणाले. "दहा चाळीसच्या गाडीनं गेलं."

इलाहीनं नमुने बाकावर ठेवले. "उद्याचं काय म्हनलं का?"

"न्हाय. ही चिठ्ठी दिलीया."

चिठ्ठीवर कोल्हापूरच्या पेढीचं नाव लिहून त्यावर काट मारलेली होती. खाली सुबक अक्षरात एकच शब्द होता.

आंतांद्यू.