मोत्याचे कान

मोत्याचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर पडला आणि दुपारपर्यंत तो पिटबुल ठरला. मी नांदेडात भाड्याच्या खोलीत राहते. यजमान गेल्यापासून सोबतीला मोत्याच.

घरमालक मृत्युंजयराव दारात आले. "गोदावरीकाकू, संध्याकाळपर्यंत कुत्रं बाहेर काढा. न्हाईतर रूम रिकामी करा. लेकराबाळांचं घर हाय."

"तो पिटबुल नाही हो."

"डॉक्टर म्हणू द्या तसं."

लातूरला माझी भाची मनस्विनी जनावरांची डॉक्टर आहे. मी तिला तोच फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "आत्या, अगदी नाकासमोरून काढलाय. यात कुठलंही डोकं रुंद दिसेल. आणि कान असे उभे कसे? टोकच दिसत नाही."

"कापलेत गं ते."

आमच्या हदगावच्या शेतात मलप्पा धनगर खतासाठी मेंढ्या बसवायचा. लांडग्याच्या तोंडी सापडू नयेत म्हणून तो पिल्लांचे कान छाटायचा. मोत्या त्याच्याच कुत्रीचा. यजमानांनी त्याला धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला होता. सोग्याला लागलेलं रक्त मी किती वेळ धूत बसले होते.

"पिटबुलचेही कान असेच कापून उभे करतात. मग कानांवरून काही ठरवायचंच नाही," मनस्विनी म्हणाली. "ते झाका. फोन त्याच्या उंचीला धरून बाजूनं फोटो काढा, अख्खा उभा."

मी दोन्ही तळव्यांनी मोत्याचे कान झाकले. मृत्युंजयराव कुरकुरत गुडघ्यावर बसले आणि त्यांनीच फोटो काढून तिला पाठवला.

मनस्विनी स्पीकरवरून बोलू लागली. "तोंड बघा, लांब आणि निमुळतं. पिटबुलचं आखूड, जबडा रुंद. छाती खोल, पोट वर ओढलेलं, पाय लांब. हे कारवान या शिकारी जातीचं. पण शेपटी पाठीवर वळलीय आणि केस जरा जाड, ते गावठीचं. कारवान आणि गावठीचा संकर असावा."

"असावा?" मृत्युंजयराव म्हणाले. "हाय म्हणा की, बाई."

"फोटोवरून अंदाजच सांगता येतो. पिटबुलचं यात काही दिसत नाही, एवढं लिहून देते."

ते फोटोकडं बघतच राहिले. "आमच्या आज्याकडं असलंच एक होतं. सशामागं लई पळायचं."

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बिल्डिंगमधल्या बायकांचे निरोप एकामागून एक येत होते. त्यांनी ग्रुपवर नवा फोटो टाकला. उत्तर आलं, 'हात काढून फोटो टाका.'

"मला पटलंय, काकू," ते खाली बघत म्हणाले. "त्यांना कसं पटवू? कान तर उभेच दिसणार."

मी तळवे बाजूला केले. मोत्यानं मान झाडली आणि ते थोटके कान पुन्हा उभे राहिले.

पिशवीत दोन लुगडी, यजमानांचा फोटो आणि मोत्याची थाळी भरली. हदगावला शेतातल्या पत्र्याच्या खोलीत आता वीजही नाही.

"तुम्ही कुठं निघाल्या?" मृत्युंजयराव घाबरून म्हणाले. "मी कुत्र्याचं म्हणलो."

"त्याला एकट्याला कुठं सोडू?" मी म्हणाले. "तेवढी जीप बोलवून द्या."