वर साहेब नसलेला बायोडाटा

फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच नोकऱ्या देतात. एक बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभं राहायची, दुसरी एटीएमच्या बाजूला खुर्ची टाकून बसायची. माणसानं तिथं काय केलं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. मिशी बघितली की झालं. धामणगाव बढ्याचा प्रेमानंद इंगळे हवालदार म्हणून परत आला, तेव्हा त्यालाही हेच सांगून झालं होतं, आणि तो मनातून जळत होता. गार्डची नोकरी वाईट असते म्हणून नव्हे, तर शंभर-सव्वाशे माणसांच्या कंपनीचं रेशन, कपडे, बिस्तरे, तंबू सांभाळलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्या दिवशी शिट्टी देतं म्हणून.

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी तो बायकोला, महामायाला, घेऊन भार्गवीच्या कॉम्प्युटर सेंटरवर आला. भार्गवी कुलकर्णी पुण्यात एका कंपनीच्या भरती विभागात काही वर्षं होती. वडिलांच्या आजारपणात परत आली आणि इथेच रमली. सातबारा, पीकविमा, शाळेचे दाखले यांतून वेळ काढून ती बायोडाटे करायची आणि ते चांगले करायची. हुशार होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. हुशार माणसं चुका करतात तेव्हा त्याही नीटनेटक्या असतात.

प्रेमानंदनं स्वतः लिहून आणलेला कागद तिनं वाचला आणि बाजूला ठेवला. त्यावर नुसती अक्षरंच अक्षरं होती: सीक्यूएमएच, एनसीओ, ओआर. म्हणाली, काका, खामगावच्या कुठल्याही मॅनेजरला यातलं ओ की ठो कळणार नाही, आणि मोठ्या कंपनीत तर आधी मशीनच वाचतं, त्याला ओळखीचा शब्द दिसला नाही की कागद कचऱ्यात. मग ती एकेक विचारत गेली. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार म्हणजे नेमकं काय करायचात? माल यायचा तेव्हा मोजायचं कोण? वर्षाला तपासणी व्हायची का? तूट निघाली का? पलटण एका ठिकाणाहून दुसरीकडे हलली तेव्हा सामान गाडीत कोणत्या क्रमानं चढवायचं, हे कोण ठरवायचं?

तो सांगत गेला आणि तिकडे इंग्रजीत दुसराच माणूस उभा राहत गेला. भांडार आणि साठा व्यवस्थापक. रेशन-वाटपाचं झालं पुरवठा नियोजन, पलटणीच्या हलण्याचं वाहतूक नियोजन, वार्षिक तपासणी-बोर्डाचं साठा-तपासणी, तूट शून्य. हवालदाराला तिनं अधिकारी केलं नाही, पर्यवेक्षक केलं. ते बरोबरच होतं. पलटणीचं नाव, ठिकाणं तिनं मुद्दाम गाळली. तेही बरोबर. प्रेमानंद स्क्रीनकडे बघून हळूहळू ताठ बसायला लागला. महामायाला तर नवऱ्याचं लग्न नव्यानं ठरत असल्यासारखं वाटलं.

शेवटी त्यानं सांगितलं की काही काळ तो फायर एनसीओ होता. म्हणजे बादल्यांत वाळू आहे का, आग विझवायच्या नळकांड्यांची तारीख उलटली का, ते बघायचं, आणि घंटा वाजली की माणसं बाहेर काढून गिनती घ्यायची. पाण्याच्या लाइनी दुसऱ्या खात्याच्या असत, बंब छावणीचा असे. भार्गवीनं लिहिलं: अग्निसुरक्षा तपासणी आणि आपत्कालीन व्यवस्थापन.

त्याच्या कागदावर प्रत्येक कामापुढे "कंपनी कमांडर साहेबांच्या हाताखाली" असं होतं. ते तिनं सगळीकडून उडवलं. बायोडाट्यात हाताखाली लिहिलं की माणूस कमजोर दिसतो, असं तिला शिकवलेलं होतं, आणि सगळीकडे तेच शिकवतात.

"मंग ह्यायच्या वर कोन होतं, ते कुठी लिवलं?" महामायानं विचारलं.

"ते लिहायचं नसतं काकू. स्वतः काय केलं तेवढंच लिहायचं."

महामायाला ते पटलं नाही. बायकांचं असं न पटलेलं बरेचदा खरं निघतं, आणि तेव्हा त्यांना आनंद होत नाही. खाली भार्गवीनं रिवाजाप्रमाणे वरील सर्व माहिती सत्य असून तिची जबाबदारी माझी, हे वाक्य टाकलं. प्रेमानंदनं वळणदार सही केली.

बायोडाटा धाडला आणि फोन इतका लवकर आला की त्याचाच संशय यायला हवा होता. खामगाव रस्त्यावर कापसाच्या गाठींचं एक मोठं गोदाम होतं. मॅनेजर सुधाकरराव. गोड माणूस, आवाज चढवणं माहीतच नाही. त्यांनी साठा, वाहतूक, तूट यांवर एक प्रश्न विचारला नाही. बोट सरळ खालच्या अग्निसुरक्षेच्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाले, असाच माणूस हवा होता. पद मिळालं ऑपरेशन्स आणि सेफ्टी इन्चार्ज. आधीचा इन्चार्ज कुठे गेला, असं प्रेमानंदनं विचारलं, तर हमालांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुंजाजी नावाचा म्हातारा हमाल तेवढा म्हणाला, "त्यायनं सोडलं साहेब. सांगून नाई गेले."

गोदामात शिरल्यावर प्रेमानंदनं आधी वर बघितलं. गाठी छतापर्यंत, दिव्यांना टेकतील इतक्या. मधल्या वाटा बुजवलेल्या. मागचं दार गाठींआड गेलेलं. पाण्याच्या टाकीत पाणी नव्हतं, तळाशी एक वाळलेलं कबुतर होतं. त्यानं पहिल्या आठवड्यातच सगळं लिहून काढलं आणि कागद सुधाकररावांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, वा, नोंद घेतली. पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा दिलं. पुन्हा नोंद घेतली.

आणि हा माणूस घरी येऊन शांत झोपायचा. त्याचं साधं गणित होतं: खालच्यानं बघायचं, वर कळवायचं, वर कळवलं की जबाबदारी वर गेली. फौजेत जन्म गेला, तिथं हे गणित कधी चुकलं नव्हतं. भार्गवी एकदा बाजारात भेटली तेव्हा त्यानं हे कौतुकानं सांगितलं. तिनं विचारलं, कागदाची पोच घेतली का? सही-शिक्क्याची दुसरी प्रत?

"आपल्याच साहेबाले पोच मांगायची?" त्याला तो अपमान वाटला. स्वतःचा नव्हे, साहेबाचा. "इश्वास नाई का मंग त्याच्यावर?"

आपल्याकडे तलाठ्याकडे अर्ज दिला तरी माणूस पोच मागतो. शाळेच्या शिपायाला हे कळतं. पण चोवीस वर्षं साहेबाच्या शब्दावर सीमेवर उभा राहिलेला माणूस ते शिकलेला नसतो, आणि त्याला हसण्यासारखं त्यात काही नाही. भार्गवी हसली नाही. तिला आतून भीती वाटली.

मग गोदामात वास यायला लागला. जळक्या चिंधीसारखा, अगदी बारीक, कधी यायचा, कधी जायचा. महामायानं त्याच्या शर्टाला नाक लावून विचारलं, कुठं काही जळून राह्यलं का? पुंजाजीनं सांगितलं की सरकी काढायच्या जिनिंगच्या यंत्रात ठिणगी पडते, कापसासोबत गाठीत दाबली जाते, आणि मग आतल्या आत धुमसत राहते, कधीकधी कितीतरी दिवस. वरून हात लावला तर गाठ थंड. प्रेमानंद गाठींच्या राशीत नाक खुपसून फिरला. उत्तरेच्या कोपऱ्यातला माल बाहेर उघड्यावर काढा, असं सुधाकररावांना सांगितलं. ते म्हणाले, विम्याचे लोक येणार आहेत, ते येऊन जाऊ दे, आता हलवाहलव नको. आणि त्या लोकांना दाखवायचा एक इंग्रजी कागद पुढे केला, सही करायला.

तो कागद घेऊन प्रेमानंद थेट मोताळ्याला आला. भार्गवीनं वाचला. त्यात होतं: आग विझवण्याची सर्व व्यवस्था माझ्या एकट्याच्या देखरेखीखाली असून चालू स्थितीत आहे. खाली पात्रता म्हणून तिच्याच ओळी, शब्द न् शब्द.

"काका, यावर सही करू नका. यात तुमच्या वर कुणीच नाही."

"असं कसं? सुधाकर साहेब हायेत ना."

"कागदात नाहीत. मी... मीच काढलं ते."

प्रेमानंदनं सही केली नाही. दुसऱ्या दिवशी परत जाऊन तसं सांगितलं: टाकी भरा, वाटा मोकळ्या करा, मग करतो. सुधाकररावांनी कागद घेतला, घडी घातली. म्हणाले, काही हरकत नाही. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

भार्गवीनं त्याला नोकरी सोडायला सांगितलं, महामायानं सांगितलं. तो म्हणाला, जागा सोडून जानं मले जमत नाई, हमाल हायेत तिथं, त्यायले कोन बाहेर काढीन? उद्या मी स्वतः टँकर बोलावतो.

टँकर यायच्या आधी, दुपारी जेवणं चालू असताना, उत्तरेचा कोपरा पेटला. धूर आधी खालून आला, मग एकदम छताला. प्रेमानंदनं घंटा नव्हती म्हणून लोखंडी पहार पत्र्यावर बडवली. समोरच्या दारातून माणसं ओढून काढली, कुणाला कॉलरला धरून, कुणाला लाथ मारून. बाहेर रस्त्यावर रांगेत उभं केलं आणि गिनती घेतली. एक कमी. पुन्हा घेतली. पुंजाजी मागच्या दाराजवळ, आतल्या गारव्याला जेवायला बसत असे. मागचं दार गाठींआड होतं. प्रेमानंद तोंडाला ओलं फडकं बांधून दोनदा आत गेला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी बाहेर आला.

संध्याकाळी भार्गवी महामायाला घेऊन पोहोचली तेव्हा बंब अजून पाणी मारत होते आणि गाठी अजून धुमसत होत्या. पुंजाजीला चादरीखाली ठेवलं होतं. एक फौजदार विचारपूस करत होता. सुधाकरराव हळू आवाजात सांगत होते की सेफ्टीसाठी आम्ही मुद्दाम अनुभवी माणूस ठेवला होता. लेखी तक्रार? नाही, आमच्याकडे काही आली नाही. आणि त्यांनी बायोडाटा पुढे केला. विम्याच्या कागदावर सही नसली तरी चालण्यासारखं होतं. बायोडाट्याच्या खाली होतंच: जबाबदारी माझी, आणि वळणदार सही.

भार्गवी पुढे झाली. हा कागद मी लिहिला, असं तिनं फौजदाराला सांगितलं, हे फक्त बादल्या बघायचे, हाताखाली होते, मी ते काढून टाकलं. फौजदारानं तिला बाजूला थांबायला सांगितलं. मग ती प्रेमानंदच्या कानाशी लागली. काका, एवढंच सांगा की मी इन्चार्ज नव्हतो, मला ते काम येत नव्हतं, वर तीनदा कळवलं होतं. मी साक्ष देते. सांगा, काका.

प्रेमानंदचा चेहरा काजळीनं काळा झाला होता. हातांना फोड आले होते. तो चादरीकडे बघत होता.

"इथला सेफ्टी इन्चार्ज कोण?" फौजदारानं विचारलं.

प्रेमानंदनं टाचा जुळवल्या.

"मी हाव, साहेब. माह्या गिनतीत एक मानूस कमी हाये."

महामायानं डोळे मिटून घेतले. फौजदारानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.